नक्षी केवढी, कुठल्या भिंतीवर?

संगमेश्वर परिसरातल्या जुन्या कौलारू घरांत भिंतीला नक्षी फारशी नव्हतीच. जांभ्याच्या भिंतीला आतून गिलावा आणि त्यावर चुन्याचा हात, तो वर्षा-दोन वर्षांनी गणपतीच्या तोंडावर पुन्हा द्यायचा. शोभेचे काम कोनाडे, खुंट्या, देवाच्या तसबिरी आणि दारावरचे तोरण करत. पुढे ऑइलपेंट आला. अनेक घरांत आणि शाळांत जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंत गडद रंगाचा पट्टा आणि वर पांढरा किंवा फिका रंग असा रिवाज पडला. हात लागून, पाणी उडून भिंत मळते ती खालीच, एवढाच त्यामागचा हिशोब. या साध्या पट्ट्याने भिंतीचे दोन भाग झाले आणि नक्षी कुठे चालेल, कुठे नाही, याची वाटणीही नकळत करून ठेवली.

इंग्लंडमध्ये 1870-80 च्या दशकांत हीच वाटणी हौसेने केली जात असे. खाली लाकडाचा किंवा जाड कागदाचा पट्टा, मध्ये मुख्य वॉलपेपर आणि छताखाली आणखी एक झालर, असे भिंतीचे तीन भाग पडत. छपाईची यंत्रे आल्यावर वॉलपेपर स्वस्त झाला आणि मध्यमवर्गीय घरांत घुसला. त्याचबरोबर त्याची दाटीही वाढली. 1852 मध्ये लंडनच्या मार्लबरो हाउसमध्ये हेन्री कोल यांनी सजावटीतल्या चुका दाखवणारे एक दालनच मांडले. त्यात रेल्वे स्थानकाचे खोल दिसणारे दृश्य पुन्हा पुन्हा छापलेला वॉलपेपरही होता. भिंत सपाट असते, तिच्यात खोटी खोली दाखवली की नजर तिथे अडकते, असा त्यामागचा आक्षेप. आज भिंतींसाठी म्हणून मोबाइलवर दिसणारे ‘थ्री-डी’ धबधबे आणि लांब बोगदे पाहिले की तो आक्षेप अजून ताजा वाटतो.

आपल्याकडे नक्षी भिंतीवर आली ती वेगळ्या वाटेने. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत. अशा चित्रांना चौकटी आणि पट्टे असतात, म्हणून ती भिंतभर पसरून नजरेवर येत नाहीत. सामान्य घरात मात्र नक्षी पोहोचली ती रंगाऱ्याच्या रबरी रोलरमधून. फिक्या डिस्टेंपरवर गडद रंगाने वेलबुट्टी उमटवणारा हा रोलर वीत-दीड वीत रुंदीचा असे. त्याचा घेर छोटा, त्यामुळे तीच बुट्टी दर काही इंचांनी परत येई. ती चारही भिंतींवर, वरपासून खालपर्यंत उमटवली जाई. दहा फुटांवरून बुट्टी दिसेनाशी होई आणि उरे तो एक धुरकट, करडा गोंधळ. त्यावर फ्रेम आणि कॅलेंडर टांगले, की खोली आणखी भरून येई.

पुढे 2000 नंतर एका भिंतीवर टेक्स्चर आणि बाकीच्या तीन साध्या, ही पद्धत मुंबईहून गावी आली. मुंबई-पुण्यात किंवा आखाती देशांत काम करणाऱ्यांनी गावी स्लॅबची घरे बांधली, तेव्हा फ्लॅटमधली ‘हायलाइट वॉल’ही सोबत आली. त्यानंतर आला वॉलपेपरचा रोल, आणि मग हवे ते चित्र भिंतीच्या मापात छापून देणारा डिजिटल प्रिंट. नक्षी आता वितीची राहिली नाही. एकेक फूल चार फुटांचे होऊ शकते. या साऱ्या प्रवासात एक गैरसमज मात्र टिकून राहिला: खोली लहान असेल तर नक्षीही लहान हवी.

इंग्लंडच्या विल्यम मॉरिसने तो एकोणिसाव्या शतकातच खोडून काढला होता. 1864 पासून वॉलपेपर विकणारा हा माणूस नक्षीचा कारागीर होता. त्याच्या 1875 च्या ‘अकँथस’ या पानांच्या नक्षीसाठी लाकडाचे तीस ठसे लागत. 1882 मध्ये पुस्तकात आलेल्या एका व्याख्यानात त्याने सांगितले, की नीट आखलेली मोठी नक्षी बारीक नक्षीपेक्षा डोळ्याला जास्त विसावा देते, आणि अगदी लहान खोलीलाही ती शोभते. अट एकच: नक्षीचा सांगाडा मोठा हवा आणि त्यातले तपशील बारीक तुटलेले हवेत. म्हणजे लांबून वेलीचा एक संथ वळसा दिसावा आणि जवळ गेल्यावर पाने, शिरा, फुले सापडावीत. बारीक बुट्टीत असा सांगाडा नसतो. सगळे एकाच मापाचे असते, म्हणून नजरेला टेकायला जागा मिळत नाही.

तरी मोठी नक्षी चुकते, आणि ती दोन कारणांनी. पहिले कारण म्हणजे रंगांतला विरोध. पांढऱ्यावर काळी पाने असतील तर तीच नक्षी भिंतीतून पुढे येते. फिक्या हिरव्यावर थोडी गडद हिरवी असेल तर मागे सरकते. डोळे किलकिले करून नमुना पाहिला तर हे लगेच कळते. किलकिल्या डोळ्यांना ठिपकेच ठिपके दिसले, तर तो कागद खोली खाणार. दुसरे कारण म्हणजे नक्षी परत येण्याचे अंतर आणि भिंतीचे माप यांची न केलेली सांगड.

संगमेश्वरच्या स्लॅबच्या घरात सहज सापडेल अशी 10 बाय 11 फुटांची निजायची खोली घेऊ. बेडच्या डोक्याकडची भिंत 11 फूट, म्हणजे सुमारे 335 सेंटिमीटर रुंद आणि साडेनऊ फूट, म्हणजे 290 सेंटिमीटर उंच. बाजारात सर्रास मिळणारा रोल 53 सेंटिमीटर रुंद आणि सुमारे 10 मीटर लांब असतो. दुकानदार त्यालाच 57 चौरस फुटांचा रोल म्हणतो. समजा, प्रत्येक पट्ट्यावर एक मोठे फूल आहे आणि ते उभ्या दिशेने दर 64 सेंटिमीटरला परत येते.

डाव्या कोपऱ्यातून लावायला सुरुवात केली, तर सहा पूर्ण पट्टे 318 सेंटिमीटर व्यापतात आणि उजव्या कोपऱ्यात 17 सेंटिमीटरची चिंधी उरते. दाराकडून पाहणाऱ्याला डावीकडे पूर्ण फूल आणि उजवीकडे कापलेली पाकळी दिसते, आणि भिंत कलल्यासारखी वाटते. तेच काम भिंतीच्या मध्यापासून सुरू करावे. एका पट्ट्याचा मध्य भिंतीच्या मध्यावर ठेवला, की त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पूर्ण पट्टे बसतात आणि दोन्ही कोपऱ्यांत सारख्याच 35 सेंटिमीटरच्या पट्ट्या येतात. पट्टे दोन्ही रीतींत सातच लागतात. फरक फक्त पेन्सिलीची पहिली खूण कुठे केली एवढाच.

उभ्या मापात 290 सेंटिमीटरमध्ये साडेचार फुले बसतात, म्हणजे एक फूल कुठेतरी कापले जाणारच. ते छताशी कापले तर सारखे नजरेत येते. खाली, बेडच्या पाटीमागे कापले तर कोणाला दिसत नाही. म्हणून पहिला पट्टा कापण्यापूर्वी वरचे पूर्ण फूल छताखाली थोडी मोकळी जागा सोडून कुठे येईल ते ठरवायचे आणि तुकडा खाली ढकलायचा.

खर्चही इथेच ठरतो. वर-खाली छाटणीसाठी थोडे धरून पट्टा 300 सेंटिमीटरचा कापायचा. पण नक्षी जुळवायची तर तो 64 च्या पटीत, म्हणजे 320 सेंटिमीटरचा घ्यावा लागतो. एका रोलमध्ये असे तीन पट्टे निघतात. सात पट्ट्यांना तीन रोल पुरतात आणि दोन पट्टे शिल्लक राहतात, ते पुढे दुरुस्तीला उपयोगी पडतात. हीच नक्षी 90 सेंटिमीटरला परत येणारी असती, तर पट्टा 360 चा होऊन एका रोलमध्ये दोनच बसले असते आणि चार रोल लागले असते. नक्षी जितकी मोठी, तितका कागद वाया जातो; ही गोष्ट बिलावर नंतर दिसते.

कॅटलॉगमधला तुकडा पाहून मात्र हे काहीच कळत नाही. त्यातले पान लहान असते आणि शेजारच्या फोटोतली खोली बंगल्याची असते. रंगारी किंवा घरमालक वर्तमानपत्राचे फुलाच्या मापाचे गोल कापून, नक्षी परत येण्याच्या अंतरावर, भिंतीला टेपने चिकटवू शकतो. ते दाराशी उभे राहून आणि पलंगावर पडून, दोन्हीकडून पाहायचे. एक दिवस तसेच ठेवून सकाळच्या उजेडात आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये पाहिले, तर निर्णय सोपा होतो.

कुठली भिंत निवडावी, याचे उत्तर शहरात आणि संगमेश्वरात सारखे नाही. सजावटीच्या नियमाने बेडच्या डोक्याकडची भिंत चांगली: आत येताना ती दिसते, झोपताना डोळ्यांपुढे नसते. टीव्हीमागची भिंत वाईट, कारण हलणारे चित्र आणि स्थिर नक्षी एकाच वेळी लक्ष मागतात. दोन-तीन दारे किंवा भिंतीतली कपाटे असलेली भिंतही टाळावी; तिथे नक्षीचे इतके तुकडे होतात की ती नक्षीच राहत नाही.

कोकणात यावर पावसाचा नियम येतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि वाऱ्याच्या बाजूची, नैऋत्येकडची बाहेरची भिंत त्यात भिजून निघते. तिच्यावर व्हिनाइलचा कागद लावला की ओल आतच कोंडते. आधी जोड उचलले जातात, मग मागे काळी बुरशी धरते. म्हणून नक्षी दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीवर घ्यावी. शंका असेल तर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवावा. मागे दव जमले तर ती भिंत साधी रंगवावी. शास्त्री नदीच्या काठच्या सखल भागात, जिथे पुराचे पाणी शिरते, तिथे खालचे तीन फूट टाइल किंवा ऑइलपेंट आणि त्यावर कागद, अशी जुनीच वाटणी कामाला येते. नक्षी कंबरेच्या वर सुरू झाली, की ती कमीही लागते आणि खोलीवर आदळतही नाही.

जांभ्याच्या जुन्या घरांत आणखी एक अडचण असते. भिंती क्वचितच ओळंब्यात असतात आणि वरची वाशांची रेघ सरळ नसते. तिथे उभे पट्टे किंवा चौकटीची नक्षी लावली की वाकडेपणा उठून दिसतो: एका टोकाला चौकट पूर्ण, दुसऱ्या टोकाला अर्धी. अशा घरात पाने-वेलींची, कुठेही सरळ रेघ नसलेली नक्षी घ्यावी. पहिला पट्टा कोपऱ्याच्या कडेला न जुळवता ओळंबा सोडून मारलेल्या उभ्या रेषेला जुळवावा. कोपऱ्याचा बाक मग वेलीत लपून जातो. छपराखालच्या त्रिकोणी भिंतीवर डिजिटल प्रिंटचे मोठे चित्र मागवायचे असेल, तर माप नुसते रुंदी-उंचीचे न देता दोन्ही बाजूंची आणि मधली उंचीही वेगवेगळी मोजून द्यावी आणि मुख्य फूल किंवा आकृती पलंग-कपाटाच्या आड जाणार नाही, एवढे छापण्याआधी पडद्यावर तपासून घ्यावे. छापून आलेला कागद दुकानदार सहसा परत घेत नाही.