फाइल हाती, पत्ता हरवला
जुने फ्लॅश गेम इंटरनेटविना पुन्हा चालवताना

१२ जानेवारी २०२१ रोजी जगभरच्या ब्राउझरमधली फ्लॅशची खिडकी कोरी झाली. अडोबीने ही तारीख आधीच ठरवली होती. फ्लॅश बंद करण्याची घोषणा जुलै २०१७ मध्ये झाली, ३१ डिसेंबर २०२० ला आधार संपला, आणि प्लगइनच्या शेवटच्या आवृत्त्यांमध्ये तर तारीख तपासून आपणहून थांबण्याची सोयच घातलेली होती. झपाक किंवा मिनीक्लिपवर सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने गेम खेळलेल्या आपल्याकडच्या पिढीला वाटलं, ते गेम गेले.

गेले ते ब्राउझरमधून. गेमच्या फाइली, म्हणजे .swf हे शेपूट लावलेल्या फाइली, आजही हजारोंनी शिल्लक आहेत आणि त्या चालवणारा कार्यक्रमही शिल्लक आहे. तरीही फाइल मिळाली की गेम मिळाला, असं होत नाही. फ्लॅश गेम एका ठरावीक पत्त्यावर राहायला बनवलेला असायचा. आपण कुठल्या साइटवर आहोत, शेजारी कुठल्या फाइली आहेत, खेळाडूची जुनी नोंद कुठे ठेवली आहे, हे सगळं तो त्या पत्त्यावरून ठरवायचा. त्यामुळे गेम वाचवायचा तर फाइलीबरोबर पत्ताही वाचवावा लागतो. या लेखात तेच सांगायचं आहे.

सुटा प्लेअर

अडोबी प्लगइनबरोबर आणखी एक छोटा कार्यक्रम देत असे. त्याला प्रोजेक्टर म्हणत. तो मुळात गेम बनवणाऱ्यांसाठी होता: ब्राउझर न उघडता फाइल तपासून पाहायची सोय. विंडोजवर ही एकच exe फाइल असते, इन्स्टॉल करावी लागत नाही. प्लगइनमधली ती स्वतःहून थांबण्याची सोय यात नाही, म्हणून तो आजही चालतो. उघडायचा, Ctrl+O दाबून .swf निवडायची, पूर्ण पडद्यासाठी Ctrl+F.

ही फाइल आज ठिकठिकाणी मिळते आणि धोकाही तिथेच आहे. ‘फ्लॅश प्लेअर डाउनलोड’ या नावाखाली भलतंच काही गळ्यात मारणाऱ्या साइटी पुष्कळ. मिळालेल्या exe वर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचं पान पाहावं. तिथे अडोबीची सही नसेल तर ती फाइल उघडू नये. आणि या प्लेअरच्या सुरक्षेतल्या फटी आता कोणी बुजवत नाही, म्हणून त्यात ओळखीच्या, साठवलेल्या फाइलीच चालवाव्यात.

आधी फाइल खरी आहे का ते पाहा

जुन्या संग्रहातून उतरवलेली फाइल प्रोजेक्टरमध्ये टाकली आणि पांढरा पडदा आला, तर पहिला संशय फाइलीवरच घ्यावा. पुष्कळदा साइट बंद पडलेली असते आणि ‘पान सापडले नाही’ असं सांगणारं पानच .swf नावाने उतरलेलं असतं. ओळखणं सोपं आहे. फाइल नोटपॅडमध्ये उघडायची आणि पहिली तीन अक्षरं वाचायची. खऱ्या फ्लॅश फाइलीची सुरुवात FWS, CWS किंवा ZWS अशी होते. FWS म्हणजे न दाबलेली फाइल. बाकीच्या दोन दोन वेगळ्या पद्धतींनी दाबलेल्या. सुरुवातीलाच <html किंवा <!DOCTYPE दिसलं, तर हाती गेम नाही, नुसतं वेबपान आहे.

फाइल अर्धवट उतरली असेल तर तेही सुरुवातीलाच कळतं. तीन अक्षरांनंतरचा बाइट फ्लॅशची आवृत्ती सांगतो, पुढचे चार बाइट पूर्ण लांबी. समजा हेक्स संपादकात हे दिसलं:

```
46 57 53 06 A2 5C 03 00
```

पहिले तीन बाइट म्हणजे FWS. 06 म्हणजे सहावी आवृत्ती. लांबी उलट्या क्रमाने वाचायची: 00035CA2, म्हणजे २,२०,३२२ बाइट. फाइल दाबलेली नसल्यामुळे डिस्कवरचा आकार नेमका एवढाच हवा. दीड लाखच असेल तर शेपूट तुटलेलं आहे, दुसरी प्रत शोधावी. CWS आणि ZWS मध्ये मात्र हा आकडा दाब सोडवल्यानंतरचा असतो, त्यामुळे डिस्कवरचा आकार कमी दिसला तरी काळजी नाही.

लाइन रायडर आणि undefined.sol

एक खरा गेम घेऊ. सप्टेंबर २००६ मध्ये स्लोव्हेनियातल्या बोश्त्यान चादेझ या कलाविद्यार्थ्याने लाइन रायडर डीव्हियंटआर्ट या साइटवर ठेवला. कोऱ्या पडद्यावर पेन्सिलीने रेघ ओढायची, चालू करायचं, आणि घसरगाडीवरचा मुलगा त्या रेघेवरून घसरत जातो. जिंकणं नाही, हरणं नाही. लोकांनी महिनोन्महिने खपून लांबच लांब ट्रॅक रेखाटले.

हा गेम सुट्या प्लेअरमध्ये सहज चालतो, कारण सगळं एकाच फाइलीत आहे. अडचण येते ती जुन्या ट्रॅकची. लाइन रायडर ट्रॅक साठवतो undefined.sol नावाच्या फाइलीत. .sol ही फ्लॅशची नोंदवही. खेळाडूची पातळी, गुण, आवाज चालू की बंद, हे सगळं गेम अशा फाइलींत लिहीत. विंडोजवर त्यांची जागा ठरलेली आहे:

```
%APPDATA%\Macromedia\Flash Player\#SharedObjects
```

त्यात सरमिसळ अक्षरांच्या नावाचा एक फोल्डर, आणि त्याच्या आत गेमच्या पत्त्याप्रमाणे फोल्डर. साइटवर खेळलेल्या गेमची नोंद त्या साइटच्या नावाखाली जाते. तोच गेम डिस्कवरून उघडला की नोंद localhost नावाच्या फोल्डरात, .swf जिथे ठेवली आहे तो सगळा मार्ग धरून जाते. फाइल डेस्कटॉपवरून D: वर हलवली की मार्ग बदलतो आणि ट्रॅकची यादी रिकामी दिसते. ट्रॅक पुसलेले नसतात. गेम नव्या पत्त्याची नोंदवही उघडून बसलेला असतो, एवढंच.

ट्रॅक परत आणायची रीत अशी. गेमची फाइल कायमच्या जागी ठेवायची. प्रोजेक्टरमध्ये उघडून एक छोटी रेघ ओढायची आणि ट्रॅक म्हणून साठवायची. मग प्रोजेक्टर पूर्ण बंद करायचा; चालू प्लेअर नोंद पुन्हा लिहू शकतो. #SharedObjects मध्ये तारखेप्रमाणे शोधलं की नुकतीच तयार झालेली undefined.sol सापडते. तिची प्रत बाजूला ठेवून त्याच जागी जुनी undefined.sol टाकायची. गेम पुन्हा उघडला की जुने ट्रॅक यादीत येतात. न आल्यास फाइल चुकीच्या फोल्डरात पडली आहे किंवा नाव बदललं आहे असं समजावं. घरात एक्सपीचा जुना संगणक पडून असेल तर जुनी नोंदवही त्यात Documents and Settings च्या आत, वापरकर्त्याच्या Application Data फोल्डरात सापडेल. हार्ड डिस्क भंगारात देण्याआधी तो फोल्डर उतरवून घ्यावा.

हरवलेला पत्ता उभा करणे

सगळे गेम लाइन रायडरसारखे एका फाइलीत मावणारे नव्हते. कित्येकांत मुख्य फाइल लहान असे आणि पातळ्या, चित्रं, संगीत शेजारच्या फाइलींतून मागवलं जाई. अशा गेमची एकटी मुख्य फाइल चालवली की लोडिंगची पट्टी कुठेतरी अडकते आणि तिथेच राहते.

नेमकं काय कमी आहे हे पाहायला आपल्याच संगणकावर छोटा सर्व्हर सुरू करावा. पायथन असेल तर गेमच्या फोल्डरात ही एक ओळ पुरते:

```
python -m http.server 8000
```

मग प्रोजेक्टरच्या Ctrl+O मध्ये फाइल न निवडता http://localhost:8000/main.swf असा पत्ता लिहायचा. सर्व्हरच्या खिडकीत गेमची प्रत्येक मागणी उमटते:

```
"GET /main.swf HTTP/1.1" 200 -
"GET /levels/level3.xml HTTP/1.1" 404 -
```

२०० म्हणजे मिळाली, ४०४ म्हणजे नाही. तिसऱ्या पातळीची फाइल नाही, आणि ती levels फोल्डरात हवी, हे गेमनेच सांगितलं. मूळ साइटचा पत्ता माहीत असेल तर ती इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये शोधता येते. तिथून फाइल घेताना पत्त्यातल्या तारखेनंतर id_ जोडावं, म्हणजे आर्काइव्हने स्वतःचं काही न घातलेली मूळ प्रत मिळते. फाइल जागेवर ठेवायची, गेम पुन्हा चालवायचा, पुढचा ४०४ शोधायचा.

दुसरी अडचण कुलपाची. दुसऱ्या साइटींनी गेम उचलू नयेत म्हणून गेमकर्ते सुरुवातीलाच पत्ता तपासत. डिस्कवरून उघडलेल्या फाइलीला स्वतःचा पत्ता file:///D|/Flash/main.swf असा काहीतरी दिसतो, त्यात साइटचं नाव नसतं, आणि गेम ‘हा गेम अमुक साइटवरच खेळा’ असा फलक दाखवून थांबतो. यावर उपाय विंडोजच्या hosts फाइलीत आहे. त्या साइटचं नाव १२७.०.०.१ ला, म्हणजे आपल्याच संगणकाला जोडायचं, सर्व्हर ८० क्रमांकाच्या पोर्टवर चालवायचा, मूळ साइटवर होती तशीच फोल्डरांची रचना ठेवायची आणि प्रोजेक्टरमध्ये गेमचा मूळ पूर्ण पत्ता लिहायचा. खेळून झालं की ती ओळ काढून टाकावी, नाहीतर खरी साइट त्या संगणकावर उघडणार नाही.

फ्लॅशपॉइंट आणि रफल

हेच काम फ्लॅशपॉइंट मोठ्या प्रमाणावर करतो. ब्लूमॅक्सिमा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेन लॅटिमोर यांनी जानेवारी २०१८ मध्ये तो सुरू केला आणि आज त्यात २ लाखांहून अधिक गेम व अॅनिमेशन आहेत. त्यातला स्थानिक सर्व्हर प्लेअरच्या मागण्या अडवतो आणि संग्रहातल्या फाइली मूळ पत्त्यावरून आल्यासारख्या देतो. hosts ला हात लावावा लागत नाही आणि पत्ता तपासणारी कुलपंही बहुधा उघडतात. इन्फिनिटी आवृत्तीत निवडलेला गेम त्या वेळी उतरतो. अल्टिमेटमध्ये सगळा संग्रह आपल्याकडे येतो, पण त्याला टेराबाइटहून अधिक जागा लागते. पूर्णपणे इंटरनेटविना खेळायचं असेल तर इन्फिनिटीमध्ये हवे ते गेम एकेकदा उघडून ठेवावेत.

रफलचा मार्ग वेगळा. रस्ट भाषेत लिहिलेला हा नवा प्लेअर अडोबीचा कोड न वापरता .swf वाचतो, त्यामुळे जुन्या सुरक्षा-फटी त्यात येत नाहीत. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून तो वापरायला घेतला. जुन्या ॲक्शनस्क्रिप्टचे गेम त्यात चांगले चालतात. २००६ मध्ये फ्लॅश ९ बरोबर आलेली ॲक्शनस्क्रिप्ट ३ मुळातून वेगळी होती, तिच्या गेममध्ये अजून अडखळ येऊ शकते. चित्र दिसतंय पण बटण दाबलं जात नाही, किंवा पातळी संपूनही पुढे सरकत नाही, असं झालं की तोच गेम प्रोजेक्टरमध्ये चालवून पाहावा. तिथे नीट चालला तर खोट फाइलीत नाही.

जे परत येत नाही

काही गेम यातल्या कशानेही जिवंत होत नाहीत. फेसबुकवरचा फार्मव्हिल ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. खेळाडूचं शेत, पीक, शेजारी, सगळं कंपनीच्या सर्व्हरवर होतं. ब्राउझरमध्ये यायचा तो फक्त चेहरा. तो जपून ठेवला तरी उत्तर देणारा पलीकडे कोणी नाही. गेम आपल्याकडे साठवण्यात अर्थ आहे का, हे म्हणून एकाच प्रश्नावर ठरतं: गेम सर्व्हरकडून फक्त फाइली मागायचा, की निर्णयही? फाइली शोधून देता येतात. निर्णय देणारा कार्यक्रम बाहेरच्या कोणाकडे कधी नव्हताच.

ज्यांच्याकडे आजही .swf फाइली पडून आहेत त्यांनी प्रत्येक गेमला स्वतंत्र फोल्डर द्यावा. त्यात शेजारच्या सगळ्या फाइली मूळ रचनेत ठेवाव्यात, .sol नोंदीची प्रत ठेवावी, आणि एका साध्या मजकूर फाइलीत मूळ पत्ता, फाइल कधी आणि कुठून मिळाली आणि कोणत्या प्लेअरमध्ये नीट चालली एवढं लिहावं. यातली पत्त्याची ओळ सर्वांत मोलाची. हरवलेली तिसरी पातळी कुठे शोधायची आणि कुलपाला कुठलं नाव दाखवायचं, हे पुढे हा फोल्डर उघडणाऱ्याला फक्त त्या एका ओळीवरून कळणार आहे.