भाव पाडण्याची मर्यादा : पारोळ्याच्या जिनातून

शेजाऱ्याने भाव एक रुपयाने उतरविला की आपणही उतरवावा, असे बाजारात मानले जाते. जोसेफ बर्ट्रांड या फ्रेंच गणितज्ञाने 1883 मध्ये हाच विचार टोकाला नेला. दोनच विक्रेते असले तरी एकमेकांना कापता कापता भाव अखेर निव्वळ खर्चावर येईल, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यात एक गृहीत दडलेले होते : स्वस्त देणारा आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माल पुरवू शकतो. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ याने 1897 मध्ये नेमके तेच खोडून काढले.

पारोळा हा कापसाचा मुलूख, म्हणून उदाहरण जिनाचेच घेऊ. आकडे मात्र कल्पित. गावात दोन जिन आहेत. ऐन हंगामात रोज 1000 क्विंटल कापूस येतो आणि प्रत्येक जिन दिवसाला 600 क्विंटलच पेलतो. सरकी काढण्याचा खर्च क्विंटलला 40 रुपये. मजुरी 100 रुपयांच्या वर गेली, तर व्यापारी गाड्या अमळनेरला किंवा धुळ्याला वळवतात.

दोघांचाही दर 100 असेल तर प्रत्येकाकडे 500 क्विंटल येतात व नफा 30,000 रुपये होतो. एकाने 99 केला की त्याचे यंत्र पूर्ण 600 वर चालते आणि नफा 35,400 वर जातो. मग दुसरा 98 करतो. घसरण सुरू होते. पण ती 40 पर्यंत पोहोचत नाही. कारण स्वस्त जिन 600 वर थांबला की उरलेले 400 क्विंटल महागड्याच्या दारी येतातच. त्याने त्यांच्याकडून 100 रुपये घेतले तर 24,000 मिळतात. 80 रुपये दराने पूर्ण यंत्र चालवूनही तेवढेच मिळतात. म्हणून दर 80 च्या खाली खेचण्यापेक्षा तो सरळ 100 वर जातो; मग पहिलाही 99 वर चढतो आणि घसरण पुन्हा सुरू होते. भाव कोठेच स्थिरावत नाही.

शेजाऱ्याने दर उतरविला असता पाहावयाचे ते त्याच्या फाटकाशी. गाड्या रात्रभर खोळंबल्या असतील आणि परवाचा क्रमांक मिळत असेल, तर त्याची क्षमता संपली आहे. अर्थात हंगामाच्या शेवटी 500 क्विंटलच आले, तर एकटा जिन सर्व पेलतो आणि बर्ट्रांडचे म्हणणे खरे ठरते.

खरा धोका कर्ज काढून यंत्रे वाढविण्यात आहे. दोघांनीही क्षमता 1000 केली की उरलेले गिऱ्हाईक शून्य होते, मजुरी 40 कडे धावते आणि हप्ता मात्र थांबत नाही. ब्रिटिश काळात खानदेश-वऱ्हाडात कापसाच्या मानाने जिन जास्त झाले, तेव्हा मालकांनी ‘पूल’ केले : दर ठरवून घेतला आणि काही जिन बंद ठेवून त्यांनाही वाटा दिला. आज संगनमताने असा दर ठरविणे 2002 च्या स्पर्धा कायद्याने निषिद्ध आहे.