काटा मध्यावरून सरकतो तेव्हा

जानेवारीत सकाळी १५ अंशांत निघालेली गाडी असो की मे महिन्यात भर दुपारी ४५ अंशांत निघालेली, नागपुरात दोन्ही वेळा डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा थोड्याच वेळात मधोमध येऊन थांबतो. हा काटा बाहेरची हवा नव्हे, तर इंजिनातून फिरणाऱ्या कूलंटचं तापमान दाखवतो. ते साधारण ९० ते १०० अंशांत राहावं म्हणून थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरकडची वाट कमी-जास्त उघडत असते.

यात एक गोम आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. कूलंट ८० अंशांवर असो वा १०० अंशांवर, तो मध्यावरच दिसतो. म्हणून तो तिथून वर सरकू लागला, तर ‘थोडंसंच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर धरलं, तर जानेवारीत हा फरक ८० अंशांचा असतो, मेमध्ये फक्त ५० अंशांचा. त्याच रेडिएटरची ताकद तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटली. शिवाय एसीचा कंडेन्सर आपली गरम हवा त्याच्याच अंगावर सोडतो. हिवाळाभर खपून गेलेला अर्धवट तुंबलेला रेडिएटर नवतप्यात उघडा पडतो, तो यामुळे.

काटा कधी चढतो, ते नीट पाहावं. सीताबर्डीच्या सिग्नलवर चढला आणि वर्धा रोडवर गाडी पळू लागताच उतरला, तर संशय पंख्यावर, त्याच्या फ्यूजवर किंवा रिलेवर घ्यावा. धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. उलट समृद्धी महामार्गावर सलग वेगात चढत गेला, तर कूलंट कमी झालंय, थर्मोस्टॅट अडकलाय, वॉटर पंप थकलाय किंवा रेडिएटर तुंबलाय. सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे वर गेलेला काटा एकदम खाली येणं. कूलंट वाहून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन पेटायच्या बेतात असताना काटा थंड दाखवतो.

काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात ठेवावा. हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. काटा लाल पट्ट्यात पोचला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावं. रेडिएटरचं झाकण मात्र लगेच उघडू नये. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वरही उकळत नाही. दाब सुटताच ते उसळून अंगावर येतं. इंजिन हाताला गार लागेपर्यंत, निदान अर्धा तास थांबावं. मग कूलंटची पातळी बघावी. ती सारखी उतरत असेल आणि गाडीखाली थेंबही नसेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावं.