उमराह टूरची जाहिरात : 'नियमानुसार परत' म्हणजे किती परत?

सोयाबीनचे पैसे हातात आले की बेंबळीत उमराहची बोलणी सुरू होतात. "सर, एवढं वाचून सांगा," म्हणत लोक मोबाईल पुढे करतात. फोटोखाली चार ओळी असतात : १५ दिवस, हरमजवळ हॉटेल, सर्व सोयी, रद्द केल्यास नियमानुसार रक्कम परत. या चार ओळींत पक्कं काहीच नाही.

हज कमिटी फक्त हजचं काम पाहते. उमराहचा व्यवहार थेट एजन्सीशी होतो, म्हणून लिहिलेला शब्दच हाताशी राहतो.

हीच जाहिरात नीट कशी लिहावी, ते पाहू. तारखा आणि आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत.

"१० जानेवारी २०२७ रात्री मुंबईहून रवाना, २४ जानेवारीला परत. मक्का ८ रात्री, मदिना ५ रात्री. एका खोलीत चौघे. मक्क्यातलं हॉटेल हरमच्या अंगणापासून पायी ७०० मीटर. माणशी ९५,००० रुपये. यात व्हिसा, जाण्यायेण्याचं विमान, दोन वेळचं जेवण, बस आणि जियारत. बेंबळी ते मुंबई प्रवास, लस आणि कपडे धुण्याचा खर्च वेगळा."

बघा, १५ दिवसांत मुक्कामाच्या रात्री १३च निघाल्या. दिवस मोजू नका, रात्री मोजा. टीसीएस नावाचा कर रकमेत धरलाय की वरून लागणार, हेही त्यात हवं. (तो पुढे आयकर रिटर्न भरून परत मागता येतो, पावती जपून ठेवा.)

आता रद्द करण्याची अट. इथेच घरं अडकतात. व्हिसा निघाला की त्याची फी सहसा परत येत नाही, आणि ग्रुपच्या तिकिटावर नाव चढलं की ते बदलणं अवघड. त्यामुळे कपात होणारच, ती तारखेनिशी लिहावी :

"२६ नोव्हेंबरपर्यंत रद्द केल्यास ५,००० कपात. २७ नोव्हेंबर ते २० डिसेंबर ४५,००० कपात. त्यानंतर ७०,००० कपात. उरलेली रक्कम ३० दिवसांत बँक खात्यात. एजन्सीने टूर रद्द केली तर पूर्ण रक्कम परत."

समजा, १२ डिसेंबरला अम्मींना दवाखान्यात भरती करावं लागलं आणि त्यांचं जाणं रद्द झालं. ९५,००० मधून ४५,००० गेले, ५०,००० परत येतील. वाईट वाटेल, पण हिशेब घरबसल्या होतो. 'नियमानुसार' लिहिलं असतं तर एजन्सी जो आकडा सांगेल तोच नियम.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण विचारत नाहीत. चौघांच्या खोलीतला एक गळाला, तर चौथ्या खाटेचे पैसे उरलेल्या तिघांकडून घेणार का? हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा आणि उत्तर त्याच जाहिरातीखाली लिहून मागा. पावतीवर फक्त 'उमराह ॲडव्हान्स' असेल तर तारीख, पॅकेज आणि वरच्या अटीही त्यावर लिहून घ्या. तक्रारीची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. तिथे हाच कागद कामाला येतो.