घर सासूच्या नावावर, तरी सुनेला राहण्याचा हक्क

समजा, अमरगोळच्या सासरी मारहाण झाली आणि सून कोल्हापूरला माहेरी आली. सासरचे म्हणतात, "घर सासूच्या नावावर, तुझा काय संबंध?" संबंध आहे. सून जिथे नांदली ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं, तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आहुजा खटल्यात सांगितलं. पण हा हक्क म्हणजे मालकी नव्हे. म्हाताऱ्यांची बाजू पाहून कोर्ट तिच्यासाठी वेगळ्या घराची सोयही करायला सांगू शकतं.

२००५ च्या कायद्याखाली अर्ज कोल्हापूरच्या मॅजिस्ट्रेटकडेच करता येतो. हुबळीला हेलपाटे नकोत. आदेश देशभर चालतो. संरक्षण आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद. मात्र अर्जात 'मारहाण थांबवा' एवढंच लिहू नका, निवासाचा आदेश वेगळा मागा. नेमकं तेच राहून जातं.