मनगटातली आठ हाडं आणि चार कोपरे

हेन्री ग्रे यांचं शरीररचनेवरचं प्रसिद्ध पुस्तक १८५८ साली लंडनमध्ये छापून आलं. त्यातल्या आकृत्या काढल्या होत्या हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी. हाडाचं नाव शक्यतो त्या हाडावरच लिहायचं, अशी त्यांची पद्धत. इतर पुस्तकांत हाडावर बारीकसं अक्षर किंवा आकडा असायचा आणि त्याचा अर्थ तळाच्या यादीत शोधावा लागायचा. त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले आणि पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

आज वर्गात पडद्यावर येणाऱ्या स्लाइडमध्ये नावं पुन्हा हाडांपासून दूर गेली आहेत. मधे हाताचा सांगाडा, दोन्ही बाजूंना नावांचे रकाने आणि प्रत्येक नावापासून हाडापर्यंत गेलेली एक रेघ. अशी स्लाइड चार वेळा वाचली की डोळ्यांना सवय लागते ती रकान्याची. ‘उजवीकडे वरून तिसरं नाव कॅपिटेट’ एवढं पक्कं होतं. परीक्षेत दुसऱ्या पुस्तकातली आकृती आली आणि तिथे रेघा वेगळ्या बाजूंना निघाल्या, की हे पाठांतर कोसळतं. वैद्यकीचे, फिजिओथेरपीचे, नर्सिंगचे, आयुर्वेदाचे विद्यार्थी पहिल्या वर्षी इथे हमखास अडखळतात. हाडं अवघड असतात म्हणून नव्हे. ते हाड शिकलेले नसतात, पान शिकलेले असतात.

एका हातात २७ हाडं असतात. आकडा मोठा वाटतो, पण भाग पाडले की बराचसा भार उतरतो. बोटांच्या पेरांची १४: अंगठ्याला दोन, बाकीच्या चार बोटांना प्रत्येकी तीन. तळहातात पाच लांबट हाडं, त्यांना मेटाकार्पल म्हणतात आणि अंगठ्याकडून एक ते पाच असे क्रमांक देतात. या १९ हाडांना पाठांतर लागतच नाही. बोट आणि पेर सांगितलं की नाव तयार होतं. राहिली मनगटातली आठ, कार्पल हाडं. सगळी मेहनत तिथे घालायची.

ही आठ हाडं चार-चारच्या दोन ओळींत बसलेली आहेत. कोपराकडची ओळ अंगठ्याच्या बाजूने मोजली तर स्कॅफॉइड, लुनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म. बोटांकडची ओळ त्याच बाजूने मोजली तर ट्रॅपिझियम, ट्रॅपिझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं इंग्रजी वाक्य आहे: ‘शी लुक्स टू प्रिटी, ट्राय टू कॅच हर’. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर म्हणजे एक हाड. वाक्य सोपं आहे, पण त्यात दोन भोकं आहेत. मोजायला करंगळीकडून लागायचं की अंगठ्याकडून, हे ते सांगत नाही. शिवाय त्यात ‘टी’ने सुरू होणारे तीन शब्द आहेत, आणि कुठला ‘टी’ कोणत्या हाडाचा, हे ऐनवेळी आठवत नाही.

दुसरं एक वाक्य कमी ऐकू येतं, पण मला ते कितीतरी सरस वाटतं: ‘सो लाँग टू पिंकी, हिअर कम्स द थंब’. यात कोपराकडची ओळ अंगठ्याकडून करंगळीकडे जाते, मग वर चढून बोटांकडची ओळ करंगळीकडून परत अंगठ्याकडे येते. पिंकी म्हणजे करंगळी हा शब्द नेमका पिसिफॉर्मच्या जागी पडतो, आणि पिसिफॉर्म करंगळीच्याच बाजूला असतं. थंब हा शब्द ट्रॅपिझियमवर पडतो, आणि ट्रॅपिझियम अंगठ्याच्या बुडाशीच असतं. म्हणजे वाक्यातच दोन खुणा रोवलेल्या आहेत. चित्र उलटं करा, डावा हात घ्या, वाक्य चुकायला लागलं की ते स्वतःच ओरडून सांगतं.

तरीही वाक्याच्या आधी खुणा शिकाव्यात, आणि त्या स्वतःच्या हातावर. दोन्ही ओळींची टोकं घेतली की चार हाडं मिळतात: स्कॅफॉइड, पिसिफॉर्म, ट्रॅपिझियम, हॅमेट. हे मनगटाचे चार कोपरे. मनगटातून तळहातात जाणाऱ्या शिरांवरून एक जाड पट्टा जातो, तो याच चार हाडांना बांधलेला असतो. त्या पट्ट्याखालच्या बोगद्यातून बोटं मिटवणारे नऊ कंडरे आणि मीडियन नावाची नस जाते. कार्पल टनेल सिंड्रोममध्ये दबते ती हीच नस.

हे कोपरे चाचपून पाहता येतात. मनगट सैल सोडून किंचित आत वाकवा आणि करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या आडव्या वळीजवळ, तळहाताच्या पायथ्याशी दाबा. वाटाण्याएवढा एक गोल टणक खडा लागेल आणि तो थोडा हलेलही. ते पिसिफॉर्म, नावाचा अर्थही वाटाण्यासारखं असाच. तिथून तर्जनीच्या बुडाच्या रोखाने सुमारे दोन सेंटिमीटर पुढे जाऊन खोल दाबलं तर आणखी एक टोक जाणवतं, जरा दुखतंही. तो हॅमेटचा आकडा. नावात आकडाच आहे. वळीच्या दुसऱ्या टोकाला, अंगठ्याच्या मांसल उंचवट्याच्या पायथ्याशी, स्कॅफॉइडचा उंचवटा असतो आणि त्याच्या लगेच पुढे ट्रॅपिझियम. बोट ठेवलेली जागा आणि तोंडाने म्हटलेलं नाव एकदा जुळलं, की स्लाइडच्या रकान्याची गरज कमी होते.

उरलेल्या चारांसाठी मधलं बोट धरायचं. त्याच्या रेषेत खाली उतरत आलं की तिसरं मेटाकार्पल, मग कॅपिटेट, मग लुनेट आणि मग हातातलं रेडियस. कॅपिटेट या आठांतलं सर्वांत मोठं हाड. जुन्या पुस्तकांत त्याला ‘ऑस मॅग्नम’, म्हणजे मोठं हाड, असंच म्हणत. त्याचं गोल डोकं लुनेटच्या चंद्रकोरीत बसतं. ट्रॅपिझॉइड हे कॅपिटेट आणि ट्रॅपिझियम यांच्या मधे दडलेलं छोटं हाड, तर्जनीच्या रेषेत. शाळेत समलंब चौकोनाला जे नाव शिकवतात त्यातून ही दोन्ही नावं आली आहेत, म्हणून त्यांची गल्लत होते. त्यावर उपाय एवढाच: ट्रॅपिझियम अंगठ्याचं. ट्रायक्वेट्रम म्हणजे तिकोनी, ते पिसिफॉर्मच्या मागे. पहिली ओळ होडी, चंद्रकोर, तिकोन, वाटाणा अशीही लक्षात ठेवता येते. स्कॅफॉइड म्हणजे होडीसारखं, आणि बाकीची नावं त्याच क्रमाने येतात.

‘पिसिफॉर्मच्या मागे’ हे दोन शब्द नीट धरले नाहीत तर सगळ्यांत मोठी चूक होते. पिसिफॉर्म ओळीत चौथं मोजतात, पण ते खरं ओळीच्या टोकाला नाहीच. ते ट्रायक्वेट्रमच्या तळहाताकडच्या अंगावर बसलेलं आहे. समजा, स्लाइडवर डाव्या हाताचा सांगाडा पाठच्या बाजूने दाखवला आहे आणि कोपराकडच्या ओळीतल्या करंगळीकडच्या टोकावर बाण आहे. ज्याने फक्त क्रम पाठ केला आहे तो अंगठ्याकडून मोजतो, शेवटचं हाड म्हणून पिसिफॉर्म लिहितो आणि गुण घालवतो. बरोबर उत्तर ट्रायक्वेट्रम. पाठच्या बाजूने पिसिफॉर्म दिसतच नाही. या आकृतीत त्या ओळीत तीनच हाडं मोजायची असतात.

म्हणून आकृती समोर आली की आधी बाजू ठरवायची. हाडांच्या चित्रात नखं नसतात, त्यामुळे खूण शोधायची: पुढे आलेला वाटाणा आणि हॅमेटचा आकडा दिसतात का? दिसत असतील तर तळहाताची बाजू, नाहीतर पाठची. मग अंगठा कुठे ते पाहायचं; त्यावरून डावा-उजवा कळतो. मग ओळ, आणि शेवटी नाव. एक पडताळाही आहे: मेटाकार्पल पाच, पण बोटांकडच्या ओळीत हाडं चारच. ट्रॅपिझियम पहिल्याला धरतं, ट्रॅपिझॉइड दुसऱ्याला, कॅपिटेट मुख्यतः तिसऱ्याला आणि हॅमेट चौथं-पाचवं अशी दोन्ही. बाण दाखवलेल्या हाडावर दोन मेटाकार्पल टेकलेली दिसली तर पुढे मोजायला नको, ते हॅमेट.

स्लाइडवर सराव करताना नावं झाकावीत, पण सगळी एकदम. अँकीसारख्या अॅपमध्ये चित्रावर चौकोन टाकून नावं झाकता येतात. तिथे `Hide All, Guess One` आणि `Hide One, Guess One` असे दोन पर्याय असतात, पहिला घ्यावा. दुसऱ्यात शेजारची सात नावं उघडी राहतात आणि आठवं आपण वजाबाकीने सांगतो. वाटतं की आलं, पण आलेलं नसतं. पॉवरपॉइंटमध्ये चित्र निवडून `Flip Horizontal` केलं की उजव्या तळहाताचा डावा होतो. एकाच चित्राची ही दोन रूपं आणि पाठच्या बाजूचं एक वेगळं चित्र, एवढ्यावर निम्मी गल्लत सुटते. रेघ नेमकी कुठे टेकते तेही मोठं करून पाहावं. लहान छापील आकृतीत ट्रॅपिझॉइडची रेघ बऱ्याचदा कॅपिटेटच्या काठावर संपल्यासारखी दिसते.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर स्कॅफॉइड देतं. मोटारसायकलवरून पडताना माणूस हात पुढे टाकतो, भार तळहातावर येतो आणि मनगटातल्या हाडांपैकी सर्वांत जास्त मोडतं ते हेच. अंगठा ताणून वर केला की मनगटाच्या पाठीवर, अंगठ्याच्या बुडाशी, दोन कंडऱ्यांमधे एक खळगा पडतो. युरोपात त्यात तपकीर ठेवून ओढत, म्हणून त्याला तपकिरीची डबी म्हणतात. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड असतं. तिथे दाबून दुखलं तर पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही तरी डॉक्टर हाड मोडलं असावं असं धरून हात बांधतात आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा पाहतात. कारण या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने शिरतं. मधोमध मोडलं तर कोपराकडचा तुकडा रक्तावाचून सुकू शकतो. ज्याने ही आकृती नुसती नावांची यादी म्हणून शिकली, त्याला कुठला तुकडा धोक्यात आहे हे सांगता येत नाही.

एक्स-रेची स्लाइड मात्र वेगळी वाचावी लागते. तिथे पिसिफॉर्म आणि ट्रायक्वेट्रम एकमेकांवर पडतात. एका हाडाच्या आत दुसरं गोल दिसलं की ती ही जोडी. आणि एक्स-रे लहान मुलाचा असेल तर आठ हाडं शोधूच नयेत. ही हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. आधी कॅपिटेट आणि हॅमेट दिसू लागतात, पहिल्या काही महिन्यांतच. मग साधारण तिसऱ्या वर्षी ट्रायक्वेट्रम, चौथ्याच्या सुमारास लुनेट, मग अंगठ्याकडची तिन्ही जवळपास एकत्र, आणि सगळ्यांत शेवटी, आठ ते बाराच्या दरम्यान, पिसिफॉर्म. म्हणजे क्रम कॅपिटेटपासून निघून करंगळीकडून वळसा घेत अंगठ्याकडे येतो. वर्षाच्या बाळाच्या स्लाइडवर दोनच ठिपके असतील तर मधल्या बोटाच्या रेषेतला कॅपिटेट आणि त्याच्या करंगळीकडचा हॅमेट.