पत्ता पुण्याचा टाकला की फोन येतात?

वर्ध्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांना नोकरी शोधण्याबाबतचा पहिला सल्ला बहुतेक वेळा एखाद्या सीनियर दादाकडून मिळतो: "प्रोफाइलवर वर्धा नको लिहू रे, पुणे लिही. वर्धा पाहिलं की एचआरवाले पुढंच जातात." हा सल्ला मी इतक्या तोंडांतून ऐकला आहे की आता त्याचा राग येतो. तो देणारे वाईट मनाने देत नाहीत, पण तो ऐकून मुलं चुकीच्या रकान्यात चुकीची माहिती भरतात आणि जो रकाना नेमका त्यांच्यासाठीच ठेवलेला आहे तो रिकामा सोडतात.

या समजाच्या मुळाशी एक गृहीतक आहे: पुण्याचा रिक्रूटर शोध घेताना फक्त 'सध्या कुठे राहतो' एवढंच बघतो. वस्तुस्थिती तशी नाही. नौकरी डॉट कॉमवर कंपन्या पैसे भरून उमेदवारांच्या ज्या साठ्यात शोध घेतात त्याला रेसडेक्स म्हणतात. तिथे रिक्रूटरने ठिकाण म्हणून पुणे टाकलं की शेजारीच एक चौकट असते: Include candidates who prefer to relocate to above locations. तिच्यावर खूण केली की पुण्यात राहणाऱ्यांबरोबर पुण्याला यायची तयारी नोंदवलेले उमेदवारही यादीत येतात, मग ते वर्ध्याचे असोत की वाशीमचे. ही तयारी ओळखली जाते ती तुमच्या प्रोफाइलमधल्या Preferred work location या रकान्यावरून. लिंक्डइनच्या रिक्रूटर या सशुल्क सेवेतही ठिकाणाच्या गाळणीला असेच पर्याय आहेत: फक्त तिथे राहणारे, फक्त तिथे स्थलांतराला तयार असलेले, किंवा दोन्ही. इथली स्थलांतराची तयारी Open to work मध्ये तुम्ही निवडलेल्या शहरांवरून ठरते.

म्हणजे खरं राहण्याचं ठिकाण वर्धा ठेवूनही पुण्याच्या शोधात दिसण्याची सरळ वाट या दोन्ही ठिकाणी आहे. ती न वापरता राहण्याचं ठिकाण बदललं तर काय होतं ते पाहा. लिंक्डइनवर ठिकाण भरताना देश, पिनकोड आणि शहर विचारतात. मुलं 442001 खोडून हिंजवडीचा 411057 टाकतात. दोन दिवसांनी फोन येतो: "उद्या सकाळी अकराला येऊ शकाल का?" नागपूर-पुणे वंदे भारत ऑगस्ट 2025 पासून वर्ध्याला थांबते, पण दिवसा निघून पुण्याला पोचायला रात्र होते. रेल्वेने गेलं काय, रस्त्याने गेलं काय, 'उद्या सकाळ' म्हणजे आज निघणं. मग मुलगा म्हणतो, "सर, मी सध्या गावाला आलोय." पुढचा प्रश्न असतो, "पुण्यात कुठे राहता?" इथे बोलणं अडखळतं. रेझ्युमेवर पत्ता वर्ध्याचा, चालू कंपनी देवळी एमआयडीसीतली आणि प्रोफाइलवर पुणे, हे तिन्ही समोर ठेवून बसलेल्या माणसाला विसंगती दिसायला वेळ लागत नाही. वर्ध्याचा उमेदवार नको म्हणून कुणी नाकारलं असेल-नसेल, पण माहिती जुळत नाही म्हणून नक्की नाकारतात, आणि तसं कारण कुणी फोनवर सांगत नाही.

दुसरं नुकसान लक्षातच येत नाही. ठिकाण पुणे केलं की नागपूरच्या शोधातून तुम्ही गळता. वर्ध्याच्या माणसासाठी ही मोठी किंमत आहे. बुटीबोरी आणि मिहान इथून रोज जाण्या-येण्याच्या अंतरावर आहेत. वर्धा-नागपूर साधारण पंच्याहत्तर किलोमीटर, आणि रोज रेल्वेने अप-डाउन करणारे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. प्रोफाइल पुण्याची झाल्यावर बुटीबोरीच्या एचआरला हा उमेदवार परका वाटतो.

या समजात एक दाणा खरा आहे, तोही सांगायला हवा. चाकण-भोसरीतल्या अनेक छोट्या कंपन्या लिंक्डइनची सशुल्क सेवा घेत नाहीत. त्यांचा एचआर साध्या खात्यातून माणसं शोधतो, आणि त्या साध्या शोधातली ठिकाणाची गाळणी प्रोफाइलवरचं राहण्याचं ठिकाणच पाहते. तिथे तुमची स्थलांतराची तयारी कामी येत नाही. पण त्यावर उपाय खोटा पिनकोड नाही. नावाखालच्या ओळीत, म्हणजे हेडलाइनमध्ये, पुण्याचं नाव लिहा. शोधपट्टीत कुणी maintenance engineer pune असे शब्द टाकले तर हेडलाइनमधल्या शब्दांमुळे तुम्ही सापडू शकता, आणि सापडल्यावर वाचणाऱ्याला खरी स्थितीही कळते. ज्या जाहिरातीत 'फक्त पुण्यातलेच उमेदवार' असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथे मात्र यातलं काहीच चालत नाही. त्या रिक्रूटरला आठवड्याभरात रुजू होणारा माणूस हवा असतो आणि तो वरच्या चौकटीवर खूण करतच नाही. अशा जागांसाठी पुण्यात भावाकडे किंवा मित्राकडे खरोखर जाऊन राहिलात तर बेलाशक ठिकाण बदला; तेव्हा ती माहिती खरी असते.

आता एक उदाहरण पूर्ण भरून पाहू. समजा घर वर्ध्यात आहे, देवळीच्या कारखान्यात तीन वर्षं मेंटेनन्सचं काम केलं आहे, नोटीस पीरियड एक महिन्याचा आहे आणि नोकरी चाकणच्या पट्ट्यात हवी आहे. नौकरी डॉट कॉमवर सध्याचं ठिकाण वर्धाच ठेवायचं. Preferred work location मध्ये पहिलं पुणे. यात दहापर्यंत ठिकाणं घेता येतात, पण या मुलाने दहा भरू नयेत. पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर पुरेत, कारण त्याच्या कामाचे कारखाने तिथे आहेत आणि तिघांपैकी कुठूनही फोन आला तरी तो खरंच जाईल. नोटीस पीरियडचा रकाना 1 Month असा भरायचा. बाहेरगावच्या उमेदवाराबद्दल रिक्रूटरची खरी शंका 'येईल का' इतकीच 'कधी येईल' हीही असते, आणि नोटीस पीरियडवर वेगळी गाळणी असते. हा रकाना चुकला तर ठिकाण बरोबर असूनही माणूस यादीबाहेर राहतो.

लिंक्डइनवर पिनकोड 442001 राहू द्यायचा. Open to work उघडून पदाचं नाव एकच न देता त्याच कामाची दोन-तीन नावं द्यायची, कारण एका कंपनीत ज्याला मेंटेनन्स इंजिनीअर म्हणतात त्यालाच दुसरीकडे प्लांट इंजिनीअर म्हणतात. कामाचा प्रकार On-site. कारखान्यातल्या कामाला Remote वर खूण करून काही उपयोग नाही. शहराच्या जागी Pune लिहायला लागलं की यादी उघडते, आणि त्यात नुसत्या पुण्याबरोबर Pune/Pimpri-Chinchwad Area असाही पर्याय दिसतो. चाकण, तळेगाव, भोसरीसाठी दोन्ही घेतलेले बरे. मग हेडलाइन:

```
Maintenance Engineer | PLC, Hydraulics | Wardha, relocating to Pune | 30 days notice
```

रेझ्युमेवरही पत्त्याच्या ओळीत वर्धा आणि त्यापुढे पुण्याला येण्याची तयारी, एवढंच. ही ओळ, हेडलाइन आणि दोन्ही ठिकाणचे रकाने एकच गोष्ट सांगतात, म्हणून फोनवर काही सावरावं लागत नाही. 'गावाला आलोय' ऐवजी उत्तर तयार असतं: पहिली फेरी व्हिडिओवर देतो, पुढच्या फेरीला दोन दिवस आधी कळवलंत तर पुण्यात हजर राहतो, राहण्याची सोय माझी मी करतो. शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा, पण खरं असेल तर न विसरता म्हणा. बाहेरच्या उमेदवाराला खर्च द्यावा लागेल ही धास्ती बऱ्याच छोट्या कंपन्यांना असते.

'भारतात कुठेही चालेल' असं लिहिण्याचाही मोह असतो. मुलांना वाटतं त्याने दारं वाढतात. रेसडेक्समध्ये मात्र 'कुठेही' अशी पसंती देणाऱ्यांना वगळण्याची सोयही रिक्रूटरकडे असते, आणि ती वापरण्यामागे कारण आहे: कुठेही म्हणणारा उमेदवार ऐन रुजू होताना घरच्यांशी बोलून नाही म्हणतो, हा त्यांचा नेहमीचा अनुभव. तीन शहरांची नावं घेणाऱ्याने विचार केला आहे असं मानलं जातं.

बाकीचे समज थोडक्यात. रेझ्युमेच्या तळाशी 'विलिंग टू रिलोकेट' लिहिलं की झालं, असं नाही. गाळणी रकाने वाचते, ती ओळ फक्त नंतर वाचणाऱ्या माणसासाठी. लिंक्डइनवर फोटोभोवतीची हिरवी चौकट लावल्याशिवाय आपण नोकरी शोधतोय हे रिक्रूटरला कळत नाही, हेही खरं नाही. Recruiters only निवडलं तर चौकट न लावता ही माहिती रिक्रूटर सेवा वापरणाऱ्यांपर्यंत जाते. पण त्यामुळे आपल्या कंपनीला कधीच कळणार नाही, हा समज धोक्याचा आहे. लिंक्डइन तुमच्या सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ती लपवायचा प्रयत्न करतं, मात्र पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही असं स्वतःच सांगतं. कारखान्याची भरती बाहेरची एजन्सी करत असेल तर तिला तुम्ही दिसू शकता. नौकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांना आपली प्रोफाइल दिसू नये अशी सोय आहे. तिथे सध्याच्या कंपनीचं आणि तिच्या एजन्सीचं नाव टाकून ठेवा.

एकदा भरलं की कायमचं झालं, हाही असाच एक समज. रेसडेक्समध्ये उमेदवार अलीकडे किती दिवसांत सक्रिय होता यावर गाळणी लागते, म्हणून चार महिने लॉगिनच न केलेली प्रोफाइल सगळे रकाने बरोबर असूनही मागे पडते. बदल लागू पडला का, हे तपासायला दोन्हीकडे Search appearances हा आकडा असतो. रकाने भरण्याआधी तो टिपून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. लिंक्डइन शोधणाऱ्यांच्या काही कंपन्यांची नावंही दाखवतं. त्यात पुण्याच्या कंपन्या दिसू लागल्या तर ठिकाणाचं काम झालं. आकडा वाढला, पुण्याच्या कंपन्याही दिसतात आणि तरी फोन येत नाहीत, तर अडचण वर्ध्याची नाही. तेव्हा पदाचं नाव, कौशल्यांचे शब्द आणि अपेक्षित पगाराचा रकाना तपासा.